रणगुदगुली: चाच्यांच्या जहाजाला आणि त्यावरच्या टोळीला नावं कशी द्यायची

मुलांसाठी चाच्यांची गोष्ट लिहायला बसलं की पहिल्या दहा मिनिटांत दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर जहाजाचं नाव 'काळं वादळ' पडतं आणि कप्तान होतो 'क्रूरसिंह', नाहीतर जहाज होतं 'ढब्बू' आणि कप्तान 'गोलगप्पू'. पहिल्यात मुलं दुसऱ्या पानावर कंटाळतात कारण असं नाव त्यांनी आधी शंभरदा ऐकलेलं असतं, आणि दुसऱ्यात हसतात खरी पण मग ढब्बूवर हल्ला झाला तरी कोणाला काही वाटत नाही, ढब्बू बुडालं तरी हसूच येतं. आपल्याला हवं असतं मधलं काहीतरी, म्हणजे नाव ऐकून हसू यावं आणि तेच नाव वादळात कोणी ओरडलं तर अंगावर काटाही यावा. हे कसं जमवायचं ते मी सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना वाचून दाखवायच्या गोष्टीसाठी सांगतेय, आणि एकच जहाज घेऊन शेवटपर्यंत नेतेय, नुसती नावांची यादी दिली तर ती दोन दिवसांत संपते.

आधी एक सांगते, हे गंमत अधिक दरारा प्रकरण आपण शोधलेलं नाही. खऱ्या चाच्यांच्या जहाजांची नावं बघा. ब्लॅकबिअर्डने १७१७ साली 'ला कॉन्कॉर्ड' नावाचं फ्रेंच जहाज पकडलं आणि त्याचं नाव ठेवलं 'क्वीन ॲन्स रिव्हेंज', म्हणजे राणी ॲनचा सूड. हे झालं दराऱ्याचं टोक. पण त्याच काळातला एडवर्ड लो, जो क्रूरपणासाठी कुप्रसिद्ध होता, त्याच्या एका जहाजाचं नाव होतं 'मेरी ख्रिसमस'. जॉर्ज लाउदरने 'गॅम्बिया कॅसल' ताब्यात घेऊन तिचं नाव केलं 'हॅपी डिलिव्हरी'. त्याला म्हणायचं होतं आनंदाची सुटका, आपल्या कानाला मात्र पार्सल घरी पोचल्यासारखं वाटतं. आता विचार करा, लांबून एक जहाज येतंय, तोफा रोखलेल्या, आणि पाटीवर नाव 'मेरी ख्रिसमस'. हे 'काळं वादळ'पेक्षा जास्त भीतीदायक आहे की नाही? आणि यातून कामाची गोष्ट ही की चाचे सहसा जहाज बांधून घेत नसत, दुसऱ्याचं पकडायचे आणि बरेचदा नाव बदलायचे. म्हणजे प्रत्येक चाच्याच्या जहाजाला एक जुनं नाव असू शकतं, आणि आपल्याला गंमत आणि दरारा जोडायला तिथेच जागा मिळते. त्याकडे येतेच.

पहिलं काम: दोन डबे भरा

कागदावर मध्ये रेघ मारा. एका बाजूला भारदस्त आवाजाचे शब्द, दुसऱ्या बाजूला गमतीचे. अर्थ नंतर बघू, आधी फक्त कान लावायचा.

मराठीत भारदस्तपणा साधारण दोन ठिकाणांहून येतो. एक संस्कृतातून आलेली जोडाक्षरं आणि घ, भ, ध अशी श्वास सोडणारी अक्षरं, म्हणजे वज्र, उग्र, प्रचंड, भीषण, घनघोर, गर्जना, विक्राळ, प्रलय. हे उच्चारताना तोंड उघडावं लागतं आणि छाती थोडी पुढे येते, खरंच करून बघा. दुसरी जागा म्हणजे फारसीतून आलेले दरबारी आणि लष्करी शब्द, बहादुर, दर्या, शमशेर, फत्ते, जंग, कहर. यांचा रुबाब वेगळा आहे, संस्कृत शब्द देवळाच्या घंटेसारखे वाजतात तर हे नगाऱ्यासारखे. दोन्ही एकाच नावात घातले की ('प्रचंड फत्तेजंग') वजन इतकं होतं की नाव हलतच नाही, तेव्हा एका नावात एकच घ्या.

गमतीचे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत आणि ते बहुतेक बोलीतले, आवाजाची नक्कल करणारे असतात. लुडबुड, कुजबुज, डुगडुग, चुळबुळ, धडपड, फुसकं, गुबगुबीत, भोवळ, उचकी, शिंक, जांभई, गुदगुली. यातल्या कितीतरी शब्दांत तोच तुकडा किंवा त्याचा यमक जुळणारा भाऊ पुन्हा येतो, डुग-डुग, लुड-बुड, आणि मुलांना तो पुन्हा येणारा तुकडा फार आवडतो. ट, ड, ळ, ब ही अक्षरं पण हलकी नाचरी. प्रत्येक बाजूला पंधरा-वीस शब्द झाले की थांबा, पन्नास केलेत तर निवडता येत नाही.

दोन गोष्टी डब्यात घालू नका असं माझं मत आहे. देवादिकांची नावं, कारण ती गमतीच्या शब्दाला चिकटवली की काही घरांत पुस्तक मिटतं आणि त्यात त्यांची चूक नाही. आणि 'सरखेल'सारख्या खऱ्या पदव्या. शब्द इतका देखणा आहे की मोह होतो, पण तो ऐकला की मोठ्यांच्या डोळ्यासमोर कान्होजी आंग्रे उभे राहतात आणि तुमच्या गोष्टीतला चाचा त्यांच्यापुढे उगाच बारका दिसतो.

दुसरं काम: जोडा, आणि कुठला शब्द शेवटी येतो ते बघा

आता जोड्या लावायच्या. मी या गोष्टीसाठी लावलेल्या काही इथे देते, वाईटसकट: प्रलयंकारी मोजा, घनघोर उशी, वज्रजांभई, डुगडुगती विजया, फत्तेशिंक, रणगुदगुली.

पहिली गोष्ट लगेच कळते की भारदस्त आधी आणि गंमत शेवटी आली तर धपकन पडल्यासारखं होतं आणि हसू येतं. 'घनघोर' म्हटल्यावर कान युद्धाची, पावसाची वाट बघतो आणि समोर येते उशी. उलटं केलं, 'डुगडुगती विजया', तर हसू आधीच सांडून जातं आणि शेवट गंभीर होतो, हे जहाजापेक्षा एखाद्या म्हाताऱ्या पण जिद्दी होडीला बरं वाटेल. दोन्ही वापरता येतं, पण मुख्य जहाजाला धपकन पडणारं घ्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि इथेच बरेच जण फसतात. नुसते दोन लांबचे शब्द चिकटवले की नाव होत नाही. 'घनघोर उशी' एकदा हसवते, मग तिचं करायचं काय? त्या दोन शब्दांमध्ये एखादा चोरवाटेचा संबंध पाहिजे, गोष्टीत पुढे उपयोगी पडेल असा. वज्र आणि जांभई यांचा काही संबंध मला तरी सापडला नाही. फत्तेशिंक बरी आहे, शिंकेचा स्फोट होतो, तोफेशी जुळतं. पण रण आणि गुदगुली? दोन्हींत कोणीतरी कोणावर तरी तुटून पडतं, दोन्हींत समोरचा आरडाओरडा करतो, दोन्हींत शेवटी कोणीतरी 'पुरे, पुरे' म्हणतं. फक्त एकात रक्त निघतं आणि एकात हसून डोळ्यांतून पाणी. मुलांच्या चाच्यांच्या गोष्टीला नेमका हाच दुसरा प्रकार हवा असतो, कारण आपल्याला मारामारी तर दाखवायची आहे पण मुडदे पाडायचे नाहीत. म्हणून मी रणगुदगुलीवर थांबले.

तिसरं काम: विभक्ती लावून बघा

नावांबद्दलचा सल्ला बरेचदा इंग्रजी नावांकडे बघून दिलेला असतो, त्यामुळे यावर कोणी बोलत नाही, आणि मराठीत तर नावाचं अर्धं आयुष्य प्रत्ययात जातं. जहाज सारखं 'वर', 'चा', 'ला', 'कडे' घेऊन येणार. तेव्हा नाव ठरवायच्या आधी ही चार वाक्यं मोठ्याने म्हणा: अमुक निघाली. अमुकवर चढा रे. अमुकचा नांगर कुठाय? अमुककडे बघा, अमुक बुडतेय!

'प्रलयंकारी मोजा' घेऊन हे करा. 'प्रलयंकारी मोज्यावर चढा.' बघा, 'मोजा'चा 'मोज्या' झाला आणि नाव मोडलं, आता ते जहाज नाही, खरंच एक मोजा आहे आणि त्यावर माणसं चढतायत. 'मोजावर' म्हणावं तर कानाला खटकतं. वर 'मोजा' म्हणजे 'गणती करा' असाही अर्थ होतो, त्यामुळे 'प्रलयंकारी, मोजा!' असं कोणी वाचलं तर अजूनच घोळ. मी हे नाव आठ दिवस धरून बसले होते, इतकं आवडलं होतं, आणि तिसऱ्या प्रकरणात जाऊन सोडलं. तेव्हा माझी चूक तुम्ही करू नका, चार वाक्यांना पाच मिनिटं लागतात.

साधारण अनुभव असा की आकारान्त पुल्लिंगी नाव (मोजा, बुडबुडा, भोवरा) प्रत्यय लागला की रूप बदलतं आणि नावपण जातं. ईकारान्त स्त्रीलिंगी (गुदगुली, तुतारी, आरोळी) जशीच्या तशी राहते, गुदगुलीवर, गुदगुलीचा, गुदगुलीकडे. व्यंजनाने संपणारी स्त्रीलिंगी मधली, शिंक-शिंकेवर, चालतं पण 'फत्तेशिंकेवर' म्हणताना जीभ एकदा अडखळते.

लिंगाचं पण इथेच मिटवून टाका. जहाज नपुंसकलिंगी, गलबत नपुंसकलिंगी, मचवा पुल्लिंगी, नौका आणि बोट स्त्रीलिंगी. नाव रणगुदगुली असेल तर 'रणगुदगुली निघाली' पण लगेच पुढे 'जहाज वळलं' आणि मग परत 'ती' आलं की ऐकणाऱ्या मुलाला वाटतं दोन वेगळ्या वस्तू आहेत. मी एका परिच्छेदात एकच धरते, नाव घेतलं की शेवटपर्यंत 'ती', आणि 'जहाज' म्हणायचं तर तो परिच्छेद 'ते'चा. तसंही ज्या गोष्टीवर जीव लावायचाय तिला 'ते' म्हणण्यापेक्षा 'ती' म्हटलेलं बरं वाटतं, हे माझं मत हं.

आणि एक ओरडण्याची चाचणी. लिहिताना र-ण-गु-द-गु-ली सहा अक्षरं दिसतात पण बोलताना रण्-गुद्-गु-ली असे चारच ठोके पडतात. चार ठोके म्हणजे वल्ही मारताना म्हणता येतं, आरोळी म्हणून देता येतं. पाच-सहा ठोक्यांच्या वर गेलं की नाव घोषणेसाठी उरत नाही, लोक त्याचं छोटं रूप करतात आणि मग ते छोटं रूपच तुमचं खरं नाव होतं. 'प्रलयंकारी' एकटाच चार-पाच ठोके खातो, पुढे मोजा येईपर्यंत दम संपतो.

चौथं काम: हे नाव पडलं कसं, ते पाटीवर दाखवा

गमतीचं नाव असलं की चाणाक्ष मूल विचारतंच, एवढ्या भयंकर चाच्यांनी असं नाव का ठेवलं? 'असंच' हे उत्तर चालत नाही. कारण गोष्टीतच पाहिजे, आणि शक्यतो डोळ्यांनी दिसेल असं. आता ते जुन्या नावाचं कामाला येतं.

माझ्या गोष्टीत हे मुळात एक मालवाहू जहाज होतं, कापसाच्या गाठी नेणारं, आणि मालकाने लेकीच्या हट्टापायी नाव ठेवलेलं 'गुदगुली'. मागच्या बाजूला लांब लाकडी पाटी, त्यावर निळ्या रंगात गोल-गोल अक्षरं, उजवीकडे सरकलेली, डावीकडे मोकळी जागा. चाच्यांनी जहाज पकडलं, आणि कप्तानाचा हुकूम सुटला की पाटीवर 'रणगर्जना' रंगवा. रंगवणारा दोरीला लटकलेला, हातात लाल रंगाचा डबा. त्याने डाव्या कडेपासून सुरुवात केली, 'र' काढला, 'ण' काढला, दोन्ही उंच आणि टोकदार, आणि पुढे जुना 'ग' आला. त्याने विचार केला, 'ग' तर आपल्यालाही हवाच आहे, तो कशाला पुन्हा काढायचा, फक्त त्याचा उकार तेवढा खरवडू. खरवडायला सुरी काढली, कोपर डब्याला लागलं, डबा गेला समुद्रात. वर बघितलं तर शिडं सुटलेली, जहाज निघालेलं. पाटीवर राहिलं ते असं, दोन लाल टोकदार अक्षरं आणि पुढे चार निळी गुबगुबीत. रणगुदगुली.

हे इतकं बारकाईने सांगतेय कारण नावातली गंमत-दरारा जोडी इथे रंगात आणि अक्षरांच्या वळणातही दिसते. चित्रकाराला वेगळं समजवावं लागत नाही. मुलं स्वतःच्या वहीवर ती पाटी काढतात, दोन रंगांत. आणि लिहिणाऱ्याला एक दोरा मिळतो, लाल डबा पुन्हा मिळाला की पाटी बदलायची की नाही यावर टोळीत भांडण लावता येतं. मी ते सातव्या प्रकरणात लावलं.

पाचवं काम: टोळी, आणि सगळ्यांना मिश्र नावं द्यायची नाहीत

जहाज जमलं की उत्साहाच्या भरात माणूस सगळ्यांनाच तसली नावं देत सुटतो. वज्रउचकी, उग्रजांभई, भीषणभोवळ. चौथ्या नावापर्यंत कान मरतो. मिश्र नाव मसाल्यासारखं समजा, टोळीत जास्तीत जास्त दोघांना. बाकीच्यांत कोणी निव्वळ गमतीचं, कोणी जवळजवळ साधं, आणि निव्वळ भारदस्त फक्त एक, शत्रू.

नावं देण्याआधी जहाजावर कोण काय काम करतं ते ठरवा, कारण काम हेच अर्धं नाव असतं. कप्तान, सुकाणू धरणारा सुकाणी, तोफा डागणारा गोलंदाज, सुतार, आचारी, डोलकाठीवर चढून लांबचं बघणारा टेहळ्या. एक पद मुलांच्या गोष्टींत बहुतेक कोणी घेत नाही पण खऱ्या चाच्यांत फार वजनाचं होतं, क्वार्टरमास्टर. त्याला खलाशी निवडून द्यायचे, लुटीचे वाटे तो करायचा, आणि लढाई नसताना कप्तानालाही तो अडवू शकायचा. असं पात्र मिळालं तर सोडू नका.

माझी कप्तान: कर्दनकाळकाकू. 'कर्दनकाळ' हा शब्दच असा आहे की म्हणताना जबड्याचा व्यायाम होतो, आणि 'काकू' घरातली. दोन्ही 'क'ने सुरू, म्हणून जोड चटकन बसते. पण याचा खरा फायदा मला लिहिताना कळला, तो संबोधनाचा. काकू म्हटल्यावर खलाशी आपोआप 'अहो काकू' म्हणतात, 'काकू आल्या', 'काकूंनी तलवार काढली'. हल्ला चालू असताना एक दाढीवाला खलाशी ओरडतो, 'काकू, डावीकडून येतायत हो!' आणि हसू येतं, पण त्यांचा मान जराही कमी होत नाही. मुलांना धाकही कळतो कारण काकूंचा आवाज चढला की काय होतं हे प्रत्येकाला माहीत असतं. नुसतं 'राणी' किंवा 'सम्राज्ञी' ठेवलं असतं तर हे काहीच मिळालं नसतं. कप्तान बाईच पाहिजे असं नाही, कर्दनकाळमामा पण चालेल, पण मग 'क'ची जोडी जाते.

क्वार्टरमास्टर: हिशोबराव. 'राव' लावला की कुठलाही शब्द खुर्चीवर बसतो. हे गमतीचं नाव आहे पण शांत गमतीचं, आणि वाटे करणाऱ्याला शोभतं.

गोलंदाज: कुजबुजे. इथे उलटी चाल आहे, सगळ्यात मोठा आवाज करणाऱ्या माणसाला सगळ्यात बारीक आवाजाचं नाव. मराठीत कुठल्याही शब्दाला 'ए' किंवा 'कर' लावलं की आडनाव तयार होतं, ही आपली फुकटची टांकसाळ आहे. सुकाणी म्हणून मी भोवळकर घेतला, वळण आलं की ज्याला भोवळ येते. फक्त एक काळजी घ्या, बनवलेलं आडनाव खरं कोणाचं असू शकतं का ते आधी चारपाच लोकांना विचारा. वर्गात त्याच आडनावाचं एखादं मूल असलं तर त्याचं वर्ष वाया जातं. कुजबुजे, भोवळकर मी आठ-दहा जणांना विचारले, कोणी ऐकलेले नव्हते.

टेहळणीवर असलेली मुलगी: टिटवी. दहा वर्षांची, डोलकाठीवर बसते, काही दिसलं की टिटवीसारखी ओरडते. तिला मी मुद्दाम मिश्र नाव दिलं नाही. ऐकणारं मूल गोष्टीत तिच्या जागी स्वतःला बसवतं, आणि स्वतःचं नाव विनोदी कोणाला नको असतं. लहान, स्वच्छ, तीन अक्षरी नाव. मात्र तिला स्वतःला ते फार साधं वाटतं, म्हणून ती दर दोन प्रकरणांनी स्वतःपुढे काहीतरी लावून बघते, दर्यादिग्विजयी टिटवी, विक्राळ टिटवी, आणि कोणीच तसं हाक मारत नाही. डब्यात उरलेले सगळे भारदस्त शब्द असे वापरून टाकता येतात.

आचारी, सुतार आणि बाकीची मंडळी यांना मी नावंच दिली नाहीत, 'सुतारदादा' वगैरे. वाचून दाखवताना पाच-सहाच्या वर नावं लक्षात राहत नाहीत.

एक टाळा: लंगड्या, काण्या, तोतऱ्या, ढेऱ्या. चाच्यांच्या गोष्टींत लाकडी पाय आणि डोळ्यावरची पट्टी हे नेहमीचंच, पण शरीरावरून ठेवलेलं नाव गोष्टीतून उठून मैदानावर जातं आणि तिथे एखाद्याला चिकटतं. सवयीवरून ठेवा, कपड्यावरून ठेवा. जॅक रॅकहमला 'कॅलिको जॅक' म्हणायचे ते तो घालायचा त्या सुती कापडावरून, पायावरून नाही.

सहावं काम: नावं एकमेकांशेजारी ठेवून ऐका

माझ्या पहिल्या कच्च्या खर्ड्यात टोळीत गंप्या, गोट्या आणि गब्ब्या होते. तिघेही आपापल्या जागी छान. भाचीला वाचून दाखवत होते, दीड पान झालं असेल, ती म्हणाली, 'मावशी, हा मघाशी पाण्यात पडला ना? मग परत दोरी कसा धरतोय?' पडला होता गोट्या, दोरी धरत होता गब्ब्या. तिघांचं पहिलं अक्षर 'ग', शेवट 'या', लांबी तीच. कागदावर मला ते वेगळे दिसत होते कारण मी लिहिले होते, कानाला ते एकच होते.

म्हणून यादी झाली की तीन गोष्टी बघा. पहिलं अक्षर प्रत्येकाचं वेगळं. माझ्याकडे कर्दनकाळकाकू आणि कुजबुजे दोघे 'क'चे निघाले, पण काकूंना सगळे काकूच म्हणतात आणि ते दोन ठोक्यांचं आहे, कुजबुजे तीनचं आणि आवाज पार वेगळा, म्हणून ठेवलं, तरी सुरुवातीच्या दोन प्रकरणांत मी दोघांना एका प्रसंगात आणलं नाही. शेवट वेगळे: काकू, राव, जे, कर, वी. आणि लांबी कमी-जास्त. मग कोणाला तरी डोळे मिटून बसायला सांगा, एक प्रसंग वाचा ज्यात चौघं बोलतात, आणि मध्येच विचारा, आत्ता कोण बोललं? दोनदा चुकले तर नाव बदला, वाक्य बदलून उपयोग नाही.

वाचणाऱ्या मोठ्यांचीही दया करा. रात्री दमून वाचणारे आईबाबा 'दर्यादिग्विजयी' एकदा हौसेने म्हणतील, पानावर चारदा आलं तर पाचव्यांदा गाळतील. लांब रूप प्रकरणात एकदा, बाकी हाकेचं नाव.

सातवं काम: शत्रू

शत्रूचं नाव निव्वळ भारदस्त, गमतीचा कणही नाही. सरदार कृतांत, जहाज 'वज्रमूठ'. असं का, तर हसरं नाव हसरं वाटायला शेजारी एक न हसणारं नाव लागतं. समुद्रावर वज्रमूठ आणि रणगुदगुली समोरासमोर आल्या की पुढचं अर्धं काम नावंच करतात. कृतांत दुर्बिणीतून पाटी वाचतो, 'रण...' इथपर्यंत त्याचा चेहरा कडक असतो, आणि मग निळी अक्षरं येतात. त्याचे खलाशी हसायला लागतात. हसणाऱ्या माणसाला तोफेला बत्ती नीट देता येत नाही. तेवढ्या वेळात काकू वज्रमुठीवर चढलेल्या असतात.

(हो, 'वज्रमुठीवर', मूठचं रूप बदलतं. मी तपासलं, शत्रूच्या जहाजाला चालतं, ते फार वेळा येत नाही.)

कृतांतचंही एक मऊ नाव मी ठेवलंय पण ते लपवलेलं आहे. शेवटून दुसऱ्या प्रकरणात वज्रमुठीच्या केबिनमध्ये टिटवीला एक जुनं पत्र सापडतं, त्याच्या आईचं. तोवर दीडशे पानं तो फक्त सरदार कृतांत आहे, कोणी त्याला दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही, लेखकानेही नाही. चुकून आधी एखादा इशारा दिलात तर पत्राचा दणका जातो, म्हणून तयार झाल्यावर मी सगळं परत वाचून दोन ठिकाणचे विनोद काढून टाकले. पत्राची सुरुवात एवढीच आहे: 'बबडू, मफलर विसरलास.'